औषध टाकून आठ दिवस झाले, तरी हौदात अळ्या जिवंतच आहेत. औषध फेल गेलं का?

वडगावचा_हौद | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बेळगावात वडगाव भागात राहतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून अंगणात वडिलांनी बांधलेला सिमेंटचा हौद अजून वापरात आहे. पाच फूट लांब, चार फूट रुंद, पाणी साडेतीन फुटांपर्यंत. गल्लीत डेंग्यूचे दोन पेशंट निघाले तेव्हा आशाताई आणि त्यांच्याबरोबरचा एक माणूस घरोघरी आले, हौदात बॅटरी मारून बघितलं, अळ्या दिसल्या आणि पाकिटातलं दाणेदार औषध टाकून गेले. दाणे पांढरट, रव्यापेक्षा जरा जाड.

आज आठवा दिवस. अळ्या जशाच्या तशा वळवळूलालेत. उलट आधीपेक्षा मोठ्या झाल्यात असं वाटतं. घरात रोज वाद चाललाय. वडील म्हणतात रॉकेल ओता, आई म्हणते हौदच फोडून टाका. पूर्वी आमच्याकडे बाटलीतलं वासाचं औषध टाकायचे, तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळ्या अळ्या मरून तळाला बसायच्या. हे औषध बोगस आहे का, का आम्ही काही चुकतोय? सांगा की ओ कुणीतरी.

पाकिटाचा फोटो नीट आला नाही. त्यावर ‘पायरिप्रॉक्सिफेन ०.५% जीआर’ असं लिहिलंय.

---

सीमाभागी | सोमवार, रात्री १०:१५

हे कीटकवाढ रोखणाऱ्या औषधांपैकी आहे. मेथोप्रीन म्हणून एक प्रसिद्ध औषध आहे, त्याच्याच जातीतलं. माझा मावसभाऊ अमेरिकेत डास नियंत्रण खात्यात कामाला आहे, ते लोक मेथोप्रीनच्या वड्या गटारांच्या तोंडात टाकतात. त्यानं मला समजावलं होतं की हे औषध अळीला कात टाकू देत नाही. अळी जुन्या कातडीत अडकते, वाढ थांबते आणि ती मरते. म्हणजे अळ्या मोठ्या होत असतील तर औषधाचा परिणाम झालेलाच नाही. मुदत संपलेलं पाकीट असणार. सरळ तक्रार करा आणि दुसरं औषध मागा.

---

शहापूर_गल्ली_७ | सोमवार, रात्री १०:३२

आमच्याकडे कालच धुराची गाडी येऊन गेली. दारं-खिडक्या उघड्या ठेवा म्हणाले होते. तरी संध्याकाळी डास आहेतच. त्या धुरात पण हेच औषध असतं का? मुलाला दम्याचा त्रास आहे म्हणून विचारतोय.

---

किडामुंगी | मंगळवार, सकाळी ७:०५

वडगावचा_हौद, आधी तुम्हाला एक विनंती. रॉकेल ओतू नका आणि हौद आज रिकामा करू नका. तुम्ही जे सांगताय त्यावरून औषध फेल गेलं असं म्हणता येत नाही. मोठ्या झालेल्या जिवंत अळ्या हे या औषधाचं नेहमीचं चित्र आहे.

मी निवृत्त आहे, पण बरीच वर्षं प्रयोगशाळेत डासांच्या अळ्यांवर मेथोप्रीनच्या चाचण्या करण्यात गेली. नवीन मुलं कामाला आली की पहिल्या आठवड्यात हेच म्हणायची, ‘मॅडम, अळ्या मरत नाहीत, द्रावण चुकलं वाटतं.’

सीमाभागी, तुमच्या मावसभावानं सांगितलं ते अर्धं बरोबर आहे. कात अडवणारी औषधं वेगळी. डायफ्लुबेंझुरॉन हे त्यातलं, आपल्या सरकारी कार्यक्रमातही ते आहे. अळीच्या अंगावरचं कवच ज्या कायटिनचं बनतं ते कायटिनच ते तयार होऊ देत नाही. मग अळी लहान असो की मोठी, पुढची कात टाकताना ती फाटते, अडकते आणि मरते. मेथोप्रीन आणि पायरिप्रॉक्सिफेन यांचं काम तसं चालत नाही.

डासाची अळी अंड्यातून निघाल्यावर तीनदा कात टाकते आणि चौथ्या टप्प्याची मोठी अळी होते. चौथी कात टाकली की तिचा कोष होतो, तो स्वल्पविरामासारखा वाकडा, मोठ्या डोक्याचा, टुणटुण उड्या मारणारा. पाचव्यांदा कातडी फाटते तेव्हा त्यातून डास बाहेर येतो. यात दोन हॉर्मोन एकमेकांच्या जोडीनं काम करतात. एकडायसोन सांगतं की ‘आता कात टाक.’ जुव्हेनाईल हॉर्मोन सांगतं की ‘कात टाक, पण अजून लहानच राहा.’ पहिल्या तिन्ही वेळी दोन्ही हजर असतात, म्हणून अळीतून अळीच निघते, फक्त आकारानं मोठी. चौथ्या टप्प्यात अळीचं शरीर जुव्हेनाईल हॉर्मोन बनवणं कमी करतं. ते खाली आलं की मगच अळीपणाचं सामान मोडून डासाचं सामान बांधायचं काम सुरू होतं.

मेथोप्रीन हे या जुव्हेनाईल हॉर्मोनची नक्कल आहे. लहान अळीच्या अंगात खरं हॉर्मोन भरपूर असतंच, त्यात नक्कल मिसळली तर तिला काही फरक पडत नाही. ती खाते, वाढते, वेळेवर कात टाकते. घोटाळा होतो तो चौथ्या टप्प्यात. शरीरानं स्वतःचं हॉर्मोन कमी केलं, पण पाण्यातून नकली येतच राहिलं. त्यामुळे ‘अजून लहानच राहा’ हा निरोप थांबत नाही. अळी कशीबशी कोषात जाते आणि तिथं मरते, किंवा कोषातून अर्धी बाहेर येऊन पाण्यावरच अडकते.

तेव्हा तुम्ही अळ्या मोजू नका. कोष बघा. पाण्यावर मेलेले, वाकडेपणा जाऊन सरळ लांबट झालेले कोष तरंगतायत का? अर्धा डास बाहेर आणि पाय कातडीत अडकलेले असं काही दिसतंय का? आज उन्हात नीट बघून सांगा.

शहापूर_गल्ली_७, धुराचं औषध वेगळं असतं. ते उडणाऱ्या डासाला लगेच मारण्यासाठी असतं आणि पाण्यातल्या अळ्यांपर्यंत पोचत नाही, म्हणून संध्याकाळी पुन्हा नवे डास येतात. दम्याच्या मुलाला धूर जाईपर्यंत लांब ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा.

---

निपाणी_वखार | मंगळवार, सकाळी ११:२०

मेथोप्रीन हे नाव वाचून थांबलो. आमचा तंबाखूचा व्यापार, वडिलोपार्जित. वखारीत जुना माल पडला की बारीक तपकिरी भुंगा लागतो, पोत्यावर टाचणीएवढी भोकं पडतात आणि पीठ गळायला लागतं. परदेशात साठवलेल्या तंबाखूवर या भुंग्यासाठी मेथोप्रीन मारतात असं एका निर्यातदाराकडून ऐकलं होतं. म्हणजे डासाचं आणि तंबाखूच्या किड्याचं औषध एकच कसं? आणि तो सांगत होता की औषध मारलं तरी अळ्या महिनोन्‌महिने जिवंत राहतात, फक्त भुंगा होत नाहीत. हे खरं आहे का?

---

किडामुंगी | मंगळवार, दुपारी ३:१०

निपाणी_वखार, खरं आहे. हे हॉर्मोन सगळ्याच कीटकांत असतं, म्हणून नक्कलही पुष्कळांवर चालते. तंबाखूच्या भुंग्यावर मेथोप्रीन चालतं. अमेरिकेत गुरांच्या खनिज मिठात मिसळूनही ते देतात, म्हणजे शेणात वाढणारी चावऱ्या माशीची अळी माशी होत नाही.

पण तुम्ही विचारलंत त्यात एक फार सुंदर फरक आहे. भुंग्यांमध्ये आणि पतंगांमध्ये नकली हॉर्मोन मिळालं की अळी कोषात जायचंच टाळते. पुन्हा कात टाकून आणखी मोठी अळी होते, कधी त्याच्याही पुढची. म्हणून तुमच्या निर्यातदाराला अळ्या जिवंत दिसल्या. माशा आणि डास यांचं तसं नाही. ते कोषात जातातच, आणि बिघाड कोषाच्या आत होतो. माझ्या मते हा फरक माहीत नसल्यामुळेच औषध ‘लागलं नाही’ असे निष्कर्ष निघतात. भुंग्याच्या बाबतीत कोष न दिसणं हे यशाचं लक्षण, डासाच्या बाबतीत मेलेले कोष दिसणं हे यशाचं लक्षण.

कोषाच्या आत काय बिघडतं तेही सांगते. अळी पाण्यातलं शेवाळ आणि कुजका कचरा खाते, डासाला फुलांचा रस आणि मादीला रक्त लागतं. त्यामुळे आतडं नवीन लागतं. नेहमी काय होतं, तर अळीच्या आतड्याच्या जुन्या पेशी ठरल्या वेळी मरून आत गळून पडतात आणि त्यांच्याखाली डासाच्या आतड्याचा नवा थर तयार होतो. एडिस इजिप्ती डासाच्या अळ्यांना मेथोप्रीन दिलं की जुन्या पेशी मरायलाच तयार नसतात. नव्याला जागा मिळत नाही. आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली असा कोष उघडला की जिथं नवं, नाजूक आतडं दिसायला हवं तिथं अळीचं जाडजूड जुनं आतडं तसंच पडलेलं दिसायचं. त्यानंतर तो जीव पुढे जाऊच शकत नाही.

---

सीमाभागी | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

मावसभावाला विचारलं. तो म्हणाला ताई सांगतायत ते बरोबर, मीच कात आणि कोष यात गोंधळ केला होता. त्याच्याकडे वडी टाकल्यावर अळ्या मोजतच नाहीत, कोष पेल्यात घेऊन बघतात.

पण एक शंका आहे. हॉर्मोनची नक्कल म्हणजे डासाला प्रतिकार तयारच करता येणार नाही ना? स्वतःच्या हॉर्मोनविरुद्ध कुठला जीव प्रतिकार करेल?

---

किडामुंगी | मंगळवार, रात्री ८:३०

अगदी हीच आशा सुरुवातीच्या शास्त्रज्ञांना होती. या कल्पनेची सुरुवातही एका विचित्र अपघातातून झाली. १९६० च्या दशकात प्रागहून हार्वर्डला गेलेल्या एका शास्त्रज्ञाकडचे ढेकूणवर्गीय किडे तिथं प्रौढ होईचनात, जास्तीची कात टाकून नुसते मोठे होत राहायचे. शोधता शोधता दोष निघाला भांड्यात अंथरलेल्या कागदाचा. अमेरिकेतला तो कागद बाल्सम फर या झाडाचा होता, आणि त्या झाडातच जुव्हेनाईल हॉर्मोनसारखं काम करणारा पदार्थ होता. १९६५ मध्ये हे छापून आलं. पुढे माणसानं बनवलेली जी नक्कल बाजारात टिकली ती मेथोप्रीन. अमेरिकेत १९७५ मध्ये डासांच्या अळ्यांसाठी तिला परवानगी मिळाली.

प्रतिकाराची आशा मात्र पूर्ण खरी ठरली नाही. फळमाशीत १९८६ मध्येच मेथोप्रीन पचवणारे उत्परिवर्ती सापडले, आणि त्या जनुकाला नावच मेथोप्रीन-टॉलरंट पडलं, थोडक्यात मेट. पुढे कळलं की हे मेटच जुव्हेनाईल हॉर्मोनचं ग्राहक प्रथिन आहे. कुलूप कोणतं हे किल्ली न लागल्यामुळे सापडलं असं म्हणा. कॅलिफोर्नियात एका जातीच्या डासांमध्ये प्रत्यक्ष मैदानावरही मेथोप्रीनला प्रतिकार आढळला. त्यामुळे एकच औषध वर्षानुवर्षं वापरणं बरं नाही, हे इथंही लागू आहे.

---

आईची_काळजी | मंगळवार, रात्री ९:५५

मी अनगोळची. आमच्या घरीही हेच पाकीट टाकलंय, प्यायच्या पाण्याच्या टाकीत. माझी सून गरोदर आहे. ब्राझीलमध्ये याच औषधामुळे लहान डोक्याची बाळं जन्मली असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला होता. तेव्हापासून मी त्या टाकीचं पाणी तिला देत नाही. लांबून घागरी आणतोय. ताई, खरं काय ते सांगा, जीव टांगणीला लागलाय.

---

किडामुंगी | बुधवार, सकाळी ६:५०

तुमची काळजी समजते. ही बातमी २०१६ मध्ये पसरली होती, झिका साथीच्या वेळी. तिथल्या एका राज्यानं खबरदारी म्हणून पायरिप्रॉक्सिफेन काही काळ थांबवलंही होतं. पण ज्या रेसिफी शहरात असे रुग्ण पुष्कळ सापडले तिथं हे औषध वापरलंच जात नव्हतं. कारण झिका विषाणू निघाला, औषध नव्हे.

पिण्याच्या पाण्यात टाकायची जागतिक आरोग्य संघटनेची मात्रा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी बारीक आहे. मेथोप्रीनसाठी ती मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. आपल्या शरीरात हे हॉर्मोनही नाही आणि ते मेट प्रथिनही नाही. मात्रा बरोबर असेल तर तुमच्या सुनेला त्या पाण्यापेक्षा डेंग्यूचा धोका कितीतरी मोठा आहे. तरीही तुमच्या मनाला पटत नसेल तर तिच्यासाठी नळाचं पाणी आलं की स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात वेगळं भरून ठेवा, म्हणजे लांबून घागरी आणायला नकोत. तिच्या डॉक्टरांशीही बोला.

पाण्यातल्या इतर जिवांचं म्हणाल तर मासे या मात्रेला सहन करतात, पण कोळंबीच्या जातीचे बारीक जीव आणि पाण्यातले इतर कीटक यांना झळ पोचते. म्हणून विहिरीत, ओढ्यात, मार्कंडेयच्या पात्रात कुणी आपल्या मनानं हे औषध टाकू नये.

---

वडगावचा_हौद | बुधवार, दुपारी १:३०

ताई, तुम्ही म्हणालात तसं उन्हात बघितलं. तरंगणारे सरळ झालेले कोष आहेत, पंधरा-वीस तरी. एक तर असा दिसला की डासाचं डोकं आणि छाती बाहेर, बाकी सगळं कातडीत. काडीनं हलवलं तर मेलेला. पण उड्या मारणारे कोषही आहेत. आता हे किती टक्के काम झालं ते कसं कळणार? वडिलांना आकडा दाखवल्याशिवाय पटणार नाही.

मात्रेचंही सांगतो. माणसानं चमच्यानं अंदाजे टाकलं होतं. उरलेलं पाकीट त्यानं आमच्याकडेच ठेवलंय.

---

किडामुंगी | बुधवार, संध्याकाळी ५:१५

आधी मात्रा बघू. पाच गुणिले चार गुणिले साडेतीन म्हणजे ७० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे तुमचा हौद साधारण १,९८० लिटरचा, २,००० धरा. लिटरला ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे एकूण २० मिलिग्रॅम खरं औषध. ०.५ टक्क्याच्या एक ग्रॅम दाण्यात ते ५ मिलिग्रॅम असतं. म्हणजे ४ ग्रॅम दाणे. तुमच्या ओळखीत सराफ असेल तर त्याच्या तराजूवर तोच चमचा एकदा भरून तोलून घ्या, चमच्यात किती बसतं ते कळेल. पण चमचा आणि हात नंतर साबणानं धुवा, आणि तो चमचा स्वयंपाकात परत नको.

आता चाचणी. दोन काचेच्या बरण्या घ्या. एकीत तुमच्या हौदाचं पाणी आणि त्यातलेच उड्या मारणारे जिवंत कोष. दुसरीत औषध न टाकलेल्या एखाद्या पिंपातलं पाणी आणि त्यातलेच कोष, ही तुलनेसाठी. कोष काढायला चहाची गाळणी पुरते. दोन्ही बरण्यांना मच्छरदाणीचा तुकडा रबरानं बांधा, सावलीत ठेवा, खायला काही घालू नका, कोष खात नाहीत. चार दिवस थांबा. मग बरणीत किती डास बाहेर आले ते मोजा. डास न सोडता बरणी फ्रीजरमध्ये ठेवली की ते मरतात, मग मोजणं सोपं.

औषध टाकायच्या आधीच कोष झालेल्यांवर ते चालत नाही, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस डास निघत राहतातच. तुमचे आठ दिवस होऊन गेलेत, त्यामुळे आजचे कोष घ्यायला हरकत नाही.

हिशेब असा:

```
रोध % = 100 − (T × 100 / C)
T = औषधाच्या बरणीत डास निघाले ते %
C = तुलनेच्या बरणीत डास निघाले ते %
```

तुलनेच्या बरणीत ८० टक्क्यांपेक्षा कमी डास निघाले तर चाचणी सोडून द्यायची. म्हणजे तिथं औषधाशिवाय दुसरंच काहीतरी बिघडलंय.

---

खानापूरचा_बैलगाडी | बुधवार, रात्री ८:०५

आमच्याकडे हौद नाही, पण गोठ्याच्या मागं सांडपाण्याचा खड्डा आहे. त्यात काळे डास भरपूर. आमच्या इथं कन्नडमध्ये सोळ्ळे म्हणतात त्यांना. तिथंही हेच टाकलं तर चालेल का? मेथोप्रीनच्या वड्या म्हणे पाच महिने टिकतात.

---

किडामुंगी | बुधवार, रात्री ९:२०

साधं मेथोप्रीन उन्हात आणि उघड्या पाण्यात फार टिकत नाही, दीड-दोन दिवसांत निम्मं संपतं. म्हणून तर त्याच्या वड्या बनवाव्या लागल्या, त्यात कोळशाची पूड असते आणि औषध हळूहळू सुटतं. साध्या वडीचा दावा महिन्याचा असतो, जास्त टिकणाऱ्या वडीचा पाच महिन्यांचा. पण हा दावा पाण्यात साठलेला गाळ, पावसात खड्डा वाहून जाणं, वडी गाळाखाली पुरली जाणं, या सगळ्यांवर अवलंबून आहे. तुमच्या खड्ड्यात शेण-मूत आणि गाळ असणार. तिथं औषध गाळाला चिकटतं आणि पाण्यात कमी उरतं. मी असते तर आधी खड्डा शोषखड्डा करून झाकला असता. ते जमत नसेल तर आरोग्य केंद्रात विचारा, घाण पाण्यातल्या क्युलेक्स डासांसाठी ते वेगळं काही सुचवतील.

---

वडगावचा_हौद | रविवार, रात्री ८:४०

चाचणी केली. बिघडली. औषधाच्या बरणीत २० कोषांतून १ डास निघाला. आनंद झाला. पण शेजारच्या पिंपातल्या २० कोषांतूनही १२ च निघाले. म्हणजे ६० टक्के. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सोडून दिली. वडील म्हणाले, ‘बघ, तुझं औषध नसतानाही मरतात.’

---

किडामुंगी | रविवार, रात्री ९:३०

आधी हौदाचे कोष काढले का? आणि दोन्हीकडे एकच गाळणी वापरली का?

---

वडगावचा_हौद | रविवार, रात्री ९:४२

हो. एकच गाळणी. आधी हौद, मग शेजारचं पिंप. मधे नुसतं पाण्यातून विसळली.

---

किडामुंगी | रविवार, रात्री १०:१०

संशय तिथंच आहे. पायरिप्रॉक्सिफेन पृष्ठभागाला चिकटून राहतं आणि अब्जात काही भाग एवढं पुरतं. प्रयोगशाळेत आम्ही औषधाची भांडी आणि तुलनेची भांडी आयुष्यभर वेगळी ठेवायचो, धुऊनसुद्धा अदलाबदल करायचो नाही. मात्र गाळणीमुळेच झालं असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. बरण्या उन्हात तापल्या असतील किंवा गाळणीत कोष दाबले गेले असतील तरी असंच होतं. पुन्हा करा. नवी गाळणी, आधी तुलनेचं पाणी, मग हौद. कोष गाळणीतून न ओतता चमच्यानं पाण्यासकट उचला. आणि दोन्हीकडे वीसऐवजी चाळीस घ्या.

---

सीमाभागी | सोमवार, सकाळी ८:००

मी माझ्या घरच्या पिंपातले कोष द्यायला तयार आहे, आमच्याकडे औषध टाकलेलं नाही. टिळकवाडीहून आणून देतो. शेजारच्या पिंपात कोण काय टाकतंय त्याचा भरवसा नको.

---

वडगावचा_हौद | शनिवार, संध्याकाळी ७:१५

दुसरी चाचणी. सीमाभागी यांच्या घरचे कोष, नवी गाळणी, बरण्या माजघरात.

तुलनेची बरणी: ४० कोष, ३६ डास. ९० टक्के.
हौदाची बरणी: ४० कोष, ३ डास. साडेसात टक्के.

१०० − (७.५ × १०० ÷ ९०) म्हणजे साधारण ९१.७ टक्के.

सराफाकडेही जाऊन आलो. तो चमचा सपाट भरला तर ३ ग्रॅमच्या आसपास बसतात. म्हणजे आमच्या हौदाला एक ग्रॅम कमी पडलं होतं. वडिलांनी दोन्ही बरण्या स्वतः उचलून उजेडात धरून बघितल्या. हौदाच्या बरणीत एक डास पूर्ण बाहेर आलेला दिसत होता, पण मागचे दोन पाय कातडीत अडकलेले. ते बराच वेळ तेच बघत बसले होते. रॉकेलचा विषय पुन्हा काढला नाही.

---

किडामुंगी | शनिवार, रात्री ८:५०

छान काम केलंत. ९१.७ हा आकडा कोषांवरचा आहे, अळीपासून मोजला असता तर थोडा वेगळा आला असता, पण तुमच्या घरासाठी एवढं पुरे. राहिलेला एक ग्रॅम टाका.

आता एक गोष्ट औषध करत नाही. एडिसची अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, कोळशाच्या कणासारखी. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. नळाला पाणी येऊन हौद भरला की ती भिजतात आणि अळ्या निघतात. म्हणून तुमच्या हौदात सतत नव्या लहान अळ्या दिसत राहतील आणि त्या औषधानं मरणार नाहीत, मोठ्या झाल्यावर कोषात अडकतील. पाणी संपत आलं की औषध टाकण्याआधी भिंत काथ्याच्या ब्रशनं घासून घ्या, विशेषतः पाणी जिथपर्यंत चढतं त्या पट्ट्यात, आणि तो गाळ उन्हात फेका, गटारात नको.

---

निपाणी_वखार | शनिवार, रात्री ९:३०

ताई, एक शेवटचं. तंबाखूच्या भुंग्यात अळी जिवंत राहते म्हणालात, तर ती अळी त्या वाढलेल्या काळात माल खातच राहते ना? मग फायदा काय?

---

किडामुंगी | शनिवार, रात्री १०:०५

खातेच. हा या औषधाचा खरा तोटा आहे आणि साठवलेल्या मालात तो जास्त जाणवतो. भुंगा होत नाही म्हणून पुढची पिढी थांबते, पण आत असलेली अळी त्या पोत्याचं नुकसान करत राहते. म्हणून मालाला कीड लागायच्या आधी वापरलं तरच त्याचा अर्थ आहे. डासाच्या बाबतीत ती अडचण नाही, कारण अळी कुणाला चावत नाही.

---

वडगावचा_हौद | रविवार, सकाळी १०:२०

भिंत घासली. पाण्याच्या रेषेवर बोट फिरवलं तर खरंच काळे ठिपके होते, नखानं निघत नव्हते. मोबाईलचा कॅमेरा झूम करून आईला दाखवले. आता ती स्वतः ब्रश घेऊन शेजारच्यांच्या पिंपाकडे गेलीय.